बीमवरचे वीस न्यूटन

स्ट्रक्चरल डिझाइनच्या ऑफिसात माझा बराच वेळ इतरांची गणितं तपासण्यात जातो. नव्याने कामाला लागलेली मुलंमुली शीट घेऊन येतात, "मॅडम, एकदा बघता का?" म्हणतात, आणि मी पेन्सिल घेऊन बसते. इतक्या शीट बघितल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. सूत्र सहसा बरोबर असतं, आकडेमोडही बरोबर असते. घसरतं ते एकक. किलोन्यूटन, मीटर आणि मिलिमीटर एकाच पानावर आले की कुठेतरी दोघांची गाठ चुकते. त्यातून मी जे शिकले ते एकाच बीमच्या आधाराने सांगते, म्हणजे आकडे विखुरणार नाहीत.

बीम साधा आहे. गाळा ६ मीटर, दोन्ही टोकं नुसती टेकलेली. स्लॅब, फरशी, माणसं-सामान आणि बीमचं स्वतःचं वजन धरून सगळ्या लांबीवर १५ किलोन्यूटन प्रति मीटर. शिवाय मधोमध एक दुय्यम बीम येऊन बसतो, त्याचा पॉइंट लोड २० किलोन्यूटन. सेक्शन आयएसएमबी ३००. जुन्या स्टील टेबलमध्ये त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया ८६०३.६ सेमी⁴ आणि सेक्शन मॉड्युलस ५७३.६ सेमी³ दिला आहे. स्टीलचा ई २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. वरची फ्लँज स्लॅबने धरून ठेवलेली असल्यामुळे, वर्किंग स्ट्रेसच्या पद्धतीने, २५० च्या स्टीलला चालणारा बेंडिंग स्ट्रेस १६५ न्यूटन प्रति चौरस मिमी. खाली तडकू शकणारं प्लॅस्टर आहे, म्हणून डिफ्लेक्शनची मर्यादा गाळ्याचा ३६० वा भाग, म्हणजे १६.७ मिमी.

१. मोठ्या चुकीची भीती बाळगायचं कारण नाही, ती स्वतःच ओरडते.

सुरुवातीला मला वाटायचं, की डिफ्लेक्शनच्या सूत्रात लांबीचा चौथा घात आहे, म्हणजे सगळा धोका तिथेच. ६००० मिमीऐवजी ६ मीटर घातले, तर उत्तर एक लाख कोटी पटीने लहान होतं. पण असं उत्तर कुणाच्या नजरेतून सुटत नाही. कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग लागली, की नवखा मुलगाही मान वर करतो. तीच गोष्ट उलट्या बाजूची. भार हजारपट झाला आणि डिफ्लेक्शन १४.७ मीटर आलं, तर सहा मीटरचा बीम जवळपास पंधरा मीटर खाली लोंबत नाही हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. अशी चूक पाच मिनिटांत सापडते आणि दुरुस्त होते. माझी झोप उडवते ती चूक वेगळी. तिचं उत्तर अगदी खऱ्यासारखं दिसतं.

२. किलोन्यूटन प्रति मीटर आणि न्यूटन प्रति मिमी हे एकच आहेत, आणि खरी फसगत इथूनच सुरू होते.

वर हजाराने गुणायचं, खाली हजाराने गुणायचं. हजार हजाराला कापतो आणि १५ चे १५ च राहतात. सवयीच्या माणसाला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की तो शीटवर सरळ १५ लिहितो, लांबी ६००० लिहितो, ई २ लाख लिहितो आणि पुढे जातो. उत्तर बरोबर येतं. आता त्याच्या पुढच्या ओळीवर पॉइंट लोड आहे. वरचे १५ न बदलता चालले, त्याच लयीत हात २० लिहून मोकळा होतो. पण इथे कापायला खाली मीटर नाही. २० किलोन्यूटनचे २०,००० न्यूटन व्हायला हवेत. शीटवर राहिले २० न्यूटन, म्हणजे दोन किलोच्या पिशवीइतकं वजन.

परिणाम बघा. पसरलेल्या भाराचा मोमेंट ६७.५ किलोन्यूटन-मीटर, त्याचा स्ट्रेस ११७.७ आणि डिफ्लेक्शन १४.७ मिमी. पॉइंट लोडचा मोमेंट खरं तर ३० किलोन्यूटन-मीटर, त्याचा स्ट्रेस ५२.३ आणि डिफ्लेक्शन ५.२ मिमी. दोन्ही मिळून स्ट्रेस १७० होतो आणि डिफ्लेक्शन १९.९ मिमी. १६५ आणि १६.७ या मर्यादांपुढे हा बीम दोन्हीकडे नापास आहे. चुकलेल्या शीटवर मात्र पॉइंट लोडचा वाटा नाहीसा झालेला असतो. तिथे स्ट्रेस ११७.७ आणि डिफ्लेक्शन १४.७ मिमी दिसतं. दोन्ही आकडे घरंदाज आहेत. दोन्ही मर्यादेच्या आत आहेत, आणि इतकेही आत नाहीत की शंका यावी. उलट असं वाटतं, की सेक्शन छान बेतून निवडलाय.

हजारपटीची चूक आणि तरीही शांतता. कारण ती बेरजेतल्या एकाच पदात झाली आहे आणि बेरजेने तिला पोटात घेतलं आहे. एकट्या पॉइंट लोडचं गणित असतं तर ०.००५ मिमी हे उत्तर बघून कुणीही थांबलं असतं. हे कळल्यावर माझी तपासायची पद्धतच बदलली. आता मी शेवटच्या आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघते.

याची उलटी बाजूही आहे. कुणी किलोन्यूटन आणि मिमी अशी जोडी घेतली, तर २० तसेच राहतात आणि १५ चे ०.०१५ व्हावे लागतात. किलोन्यूटन आणि मीटर ही जोडी घेतली, तर १५ आणि २० दोन्ही न बदलता चालतात, पण मग इनर्शिया मीटरच्या चौथ्या घातात न्यावा लागतो आणि ई २० कोटी किलोन्यूटन प्रति चौरस मीटर होतो. म्हणजे कुठली ना कुठली संख्या बदलावी लागणारच. कुठली, हे जोडीवर ठरतं. एका जोडीची सवय दुसऱ्या जोडीत नेली की वीस न्यूटनचा बीम तयार होतो.

३. चूक लपते, पण शेपूट बाहेर ठेवते.

चुकलेल्या शीटवर एकूण भार काय दिसतो ते बघण्यासारखं आहे. १५ गुणिले ६००० म्हणजे ९०,०००, त्यात २० मिळवले की ९०,०२० न्यूटन. एका टोकाची रिअॅक्शन ४५,०१० न्यूटन. मोमेंट ६,७५,३०,००० न्यूटन-मिमी. या प्रत्येक संख्येच्या मागे एक बारीकशी शेपूट आहे: वीस, दहा, तीस हजार. नव्वद हजारांच्या मागे वीस का लागावेत? प्रत्यक्षातले भार असे येत नाहीत. मोठ्या गोल संख्येला चिकटलेलं असं चिमुकलं शेष दिसलं, की समजावं, कुणीतरी रुपयांत पैसे मिळवले आहेत.

पण ही शेपूट दिसण्यासाठी संख्या पूर्ण लिहिलेली असावी लागते. एक्सेलमध्ये मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये एका दशांशापर्यंत दाखवला, की ६७.५३ चा ६७.५ होतो आणि पुरावा पुसला जातो. म्हणून माझा आग्रह असतो, की रिअॅक्शनची ओळ न्यूटनमध्ये, पूर्ण, गोल न करता छापायची. तिची डिझाइनला गरज नसली तरीही. शिवाय हीच ओळ डोक्यात पडताळता येते. १५ गुणिले ६ नव्वद, अधिक २० एकशे दहा, निम्मे ५५ किलोन्यूटन. शीटवर ४५ आणि डोक्यात ५५, हा फरक कुठलंही सूत्र न उघडता कळतो.

त्याहून महत्त्वाचं, प्रत्येक भाराचा वाटा वेगळ्या ओळीत मांडायचा आणि बेरीज नंतर करायची. अंदाज बांधायला एक सोपी गोष्ट हाताशी असते: मधोमध बसलेला पॉइंट लोड मोमेंटच्या हिशेबात दुप्पट करून गाळ्याने भागला, की त्याच्या बरोबरीचा पसरलेला भार मिळतो. इथे ४० भागिले ६, म्हणजे जवळजवळ ६.७ किलोन्यूटन प्रति मीटर. १५ च्या शेजारी ६.७ हा चांगला जाडजूड वाटा आहे, त्यामुळे स्ट्रेस ४४ टक्क्यांनी वाढायलाच हवा. एवढं मनात असलं, की पॉइंट लोडच्या ओळीत ०.०५ दिसल्यावर ते डोळ्याला खुपतं.

४. लहान उत्तराला कुणी अडवत नाही.

डिझाइनची सगळी तपासणी वरच्या मर्यादेशी असते. स्ट्रेस १६५ पेक्षा कमी आहे ना? डिफ्लेक्शन १६.७ पेक्षा कमी आहे ना? त्यामुळे उत्तर मोठं करणारी चूक लगेच पकडली जाते आणि लहान करणारी चूक "ओके" चा शिक्का घेऊन बाहेर पडते. किलोन्यूटन-मीटरचं न्यूटन-मिमी करताना दहा लाखांऐवजी हजाराने गुणलं, की १७० चा स्ट्रेस ०.१७ होतो. माणूस वाचेल तर थांबेल, पण एक्सेलचा रकाना वाचत नाही. तो फक्त तुलना करतो आणि ०.१७ हे १६५ पेक्षा खरोखरच कमी आहे.

म्हणून आमच्या शीटमध्ये आता खालचीही मर्यादा आहे. स्ट्रेस चालणाऱ्या स्ट्रेसच्या दहाव्या भागाहून कमी निघाला, तरी रकाना हिरवा होत नाही:

```
=IF(AND(B12<=165,B12>=16.5),"OK","CHECK")
```

दहावा भाग हा काही कोडमधला आकडा नाही, तो आम्ही ठरवलेला आहे. कधी कधी बीम खरोखरच इतका हलका भारलेला असतो, दिसण्यासाठी किंवा जोडणीसाठी मोठा घेतलेला असतो. तेव्हा कारण शेजारी लिहायचं आणि पुढे जायचं. पण कारण लिहिण्यासाठी का होईना, कुणीतरी त्या आकड्याकडे बघतो.

५. मिमी आणि मीटर यांच्या भांडणात सेंटिमीटर गुपचूप आत शिरतो.

आपण दोनच एककं सांभाळतोय असं वाटत असतं, पण स्टील टेबल सेंटिमीटरमध्ये असतं. इनर्शिया सेमी⁴ चा मिमी⁴ करताना दहा हजाराने गुणायचं, मॉड्युलस सेमी³ चा मिमी³ करताना हजाराने. दोन्ही रकाने टेबलमध्ये जवळजवळ आहेत, त्यामुळे दोन्हींना एकाच संख्येने गुणण्याचा मोह होतो. मॉड्युलसला दहा हजाराने गुणलं, की १७० चा स्ट्रेस १७ होतो. दहापटीची चूक हजारपटीपेक्षा जास्त घातक आहे. १७ ही संख्या विचित्र दिसत नाही. वरच्या मुद्द्यातली आमची खालची मर्यादासुद्धा ती जेमतेम ओलांडते आणि पास होते.

ही चूक पकडायला एक छोटा भागाकार पुरतो. सममित आय-सेक्शनमध्ये इनर्शिया भागिले मॉड्युलस म्हणजे निम्मी उंची. ८६०३.६ भागिले ५७३.६ हे १५.० सेमी येतं, आणि ३०० मिमीच्या सेक्शनची निम्मी उंची तेवढीच. मिमीमध्ये नेल्यावरही तोच भागाकार १५० यायला हवा. १५ आला तर मॉड्युलस दहापट फुगला आहे किंवा इनर्शिया दहापट आकसला आहे. १५०० आला तर उलट. हा भागाकार भार काय, गाळा काय, काहीच विचारत नाही, म्हणून तो गणित सुरू करण्याआधीच करता येतो.

तपासताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोन मार्गांनी आलेल्या उत्तरांतली तफावत किती पट आहे, यावरून चूक कुठे आहे ते बहुधा समजतं. नेमकी दहापट किंवा शंभरपट असेल तर आधी सेंटिमीटरकडे बघावं. नेमकी हजारपट असेल तर न्यूटन-किलोन्यूटन किंवा कुठेतरी एकदाच आलेला मीटर. दहा लाख पट असेल तर मोमेंट. ९.८१ पट असेल तर वजन किलोत राहिलं आहे. आणि पट अशी स्वच्छ नसेल, ३.२ किंवा १.७ असेल, तर एककांना दोष देऊ नये, सूत्रच चुकलं असण्याची शक्यता जास्त.

६. स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन एकमेकांचे साक्षीदार आहेत.

हे मला उशिरा उमगलं आणि तेव्हापासून सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. आपण दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या सूत्रांनी काढतो आणि वेगवेगळ्या मर्यादांशी ताडतो. पण एकाच बीमच्या एकाच मोमेंटमधून ती आलेली असतात, त्यामुळे त्यांचं आपसात नातं आहे. साध्या टेकलेल्या बीमसाठी मोमेंट आणि इनर्शिया काढून टाकले, तर एवढंच उरतं:

```
UDL:           d = 5*s*L^2 / (24*E*D)
central load:  d =   s*L^2 / ( 6*E*D)
```

इथे s म्हणजे त्या भारामुळे आलेला स्ट्रेस, D म्हणजे सेक्शनची पूर्ण उंची. भार कुठेच नाही, इनर्शियाही नाही. आपल्या बीमवर लावून बघू. पसरलेल्या भाराचा स्ट्रेस ११७.७. पाच गुणिले ११७.७ गुणिले ६००० चा वर्ग, भागिले २४ गुणिले २ लाख गुणिले ३००. उत्तर १४.७ मिमी, लांब सूत्राने आलं होतं तेवढंच. पॉइंट लोडचा ५२.३ घातला की ५.२ मिमी. दोन्ही जुळले, याचा अर्थ इनर्शिया, मॉड्युलस, ई आणि गाळा हे चौघं एकाच भाषेत बोलत आहेत. मॉड्युलस दहापट चुकला असता, तर या सूत्रातून दीड मिमी आलं असतं आणि लांब सूत्रातून १४.७. तफावत नेमकी दहापट, म्हणजे सेंटिमीटर.

पण या साक्षीदाराची हद्द ओळखून राहावं लागतं. वीस न्यूटनची चूक तो पकडत नाही. भारच चुकला तर स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन दोन्ही सारखेच चुकतात आणि एकमेकांशी सुरेख जुळतात. एक नवी मुलगी हे सूत्र शिकल्यावर मोठ्या विश्वासाने शीट घेऊन आली होती, "मॅडम, दोन्ही टॅली झाले." टॅली झालेच होते. मी तिला फक्त रिअॅक्शनची बेरीज करायला सांगितली. तिने मधल्या भारावर बोट टेकवलं आणि स्वतःच म्हणाली, "हे न्यूटनमध्ये नेलंच नाही." म्हणून रिअॅक्शनची तपासणी भारासाठी आणि हे नातं सेक्शनसाठी, अशी दोन्ही लागतात. एक केली म्हणून दुसरी सोडता येत नाही.

७. भार आपल्यापर्यंत येतो तेव्हाच कुठल्या एककात आहे, हे विचारायला हवं.

कॅटलॉगमध्ये वजन किलोत असतं, साइटवर बोलणं टनात होतं आणि ड्रॉइंगवर किलोन्यूटन लागतात. "दोन टनाचा लोड येईल" हे वाक्य फोनवर ऐकून कुणी वहीत नुसतं "२" लिहिलं, आणि शीट भरताना ते २ किलोन्यूटन झाले, तर भार दहा पटीच्या आसपास घटला. दोन टन म्हणजे १९.६ किलोन्यूटन, आपल्या पॉइंट लोडएवढेच. २ किलोन्यूटन धरल्यावर एकूण स्ट्रेस १२३ आणि डिफ्लेक्शन सव्वापंधरा मिमी. पुन्हा तेच: दोन्ही आकडे समजूतदार, दोन्ही पास. आणि इथे शेपूटही दिसत नाही, कारण ९२,००० ही छान गोल संख्या आहे. शीटच्या आत कितीही तपासलं तरी ही चूक सापडणार नाही. ती फक्त शीटच्या पहिल्या ओळीवर सापडते. भार कुठून आला, कुणी सांगितला आणि सांगितला तेव्हा एकक काय होतं, हे तिथे लिहिलेलं असेल तरच.

८. सॉफ्टवेअरमध्ये मोमेंट बरोबर आला, म्हणजे डिफ्लेक्शनही बरोबर आलं असं नाही.

स्टाडच्या इनपुट फाइलमध्ये `UNIT METER KN` ही ओळ तिच्या खालच्या सगळ्या आकड्यांना लागू असते, पुढची `UNIT` ओळ येईपर्यंत. मध्येच `UNIT MMS KN` लिहून सेक्शनची मापं दिली आणि परत मीटरवर यायचं राहिलं, तर त्यानंतरचे १५ हे किलोन्यूटन प्रति मिमी होतात. हे ओरडणारं आहे, सापडतं. जपायचं ते ई ला. मीटर-किलोन्यूटनमध्ये स्टीलचा ई `2.05e+08` असतो, मिमी-किलोन्यूटनमध्ये २०५. मिमी-किलोन्यूटन चालू असताना कुणी सवयीने २ लाख टाइप केलं, तर स्टील हजारपट कडक झालं. साध्या टेकलेल्या बीमचा मोमेंट ई वर अवलंबून नसतो, त्यामुळे ९७.५ किलोन्यूटन-मीटर अगदी बरोबर येतो. स्ट्रेसही बरोबर येतो. फक्त डिफ्लेक्शनच्या रकान्यात ०.०२ दिसतं, आणि छापील पानावर कधी नुसतं ०.० दिसतं.

सगळ्या सदस्यांचा ई सारखाच चुकला असेल तर कंटिन्युअस बीम आणि फ्रेममध्येही नेहमीच्या भाराखालचे मोमेंट बदलत नाहीत, कारण तिथे सापेक्ष कडकपणाच मोजला जातो. फरक पडतो तो आधार खचण्याचा किंवा तापमानाचा भार दिला असेल तेव्हा. त्यामुळे मोमेंट हाताच्या गणिताशी जुळले म्हणून मॉडेल बरोबर, असं म्हणून थांबता येत नाही. मी प्रत्येक मॉडेलमधला एक साधा बीम निवडते आणि त्याच्या डिफ्लेक्शनवर सहाव्या मुद्द्यातलं नातं लावून बघते. दोन मिनिटं लागतात.

९. तपासणीचा क्रम ठरलेला असला, की मूडवर काही अवलंबून राहत नाही.

माझा क्रम असा आहे. शीटच्या माथ्यावर एकच ओळ: न्यूटन, मिमी, न्यूटन प्रति चौरस मिमी. त्याखाली दोन रकाने. डावीकडे माहिती जशी आली तशी, तिच्या मूळ एककासह; उजवीकडे तीच माथ्यावरच्या एककांत. १५ किलोन्यूटन प्रति मीटर, शेजारी १५ न्यूटन प्रति मिमी. संख्या बदलत नाही तरी ओळ लिहायचीच, कारण खालच्या ओळीत २० चे २०,००० होताना हात त्यामुळेच जागा राहतो. एकदा हे रकाने भरले, की पुढे सूत्रांच्या मध्ये कुठेही हजाराने गुणायचं किंवा भागायचं नाही. सूत्राच्या पोटात दिसलेला प्रत्येक १००० संशयास्पद.

मग इनर्शिया भागिले मॉड्युलस. मग रिअॅक्शन, न्यूटनमध्ये पूर्ण, आणि डोक्यात किलोन्यूटनमध्ये. मग प्रत्येक भाराचा स्ट्रेस आणि डिफ्लेक्शन वेगवेगळ्या ओळीत, आणि त्या दोन्हींचं आपसातलं नातं. शेवटी वेळ असेल तर डिफ्लेक्शन दुसऱ्या जोडीत, किलोन्यूटन आणि मीटरमध्ये, कोऱ्या कागदावर. ई गुणिले इनर्शिया तिथे १७,२०७ किलोन्यूटन-मीटर² येतो, आणि पाच गुणिले १५ गुणिले सहाचा चौथा घात, भागिले ३८४ गुणिले १७,२०७, हे ०.०१४७ मीटर. हा कागद पहिल्या शीटवरून उतरवायचा नाही, मूळ डाव्या रकान्यावरून करायचा. उजव्या रकान्यातली चूक उतरवून घेतली, तर दुसरं गणित पहिल्याचीच नक्कल होतं.

या क्रमाने आपला बीम नापास झाला, तेव्हा पुढचा सेक्शन आयएसएमबी ३५० घेतला. इनर्शिया १३,६३०.३ सेमी⁴, मॉड्युलस ७७८.९ सेमी³, भागाकार १७.५ सेमी, निम्म्या उंचीएवढा. स्वतःच्या वजनात मीटरमागे आठ किलोंची भर, १५ पुढे नगण्य. रिअॅक्शन ५५,००० न्यूटन. स्ट्रेस ८६.७ अधिक ३८.५, एकूण १२५.२. डिफ्लेक्शन ९.३ अधिक ३.३, एकूण १२.६ मिमी. नात्याच्या सूत्राने पसरलेल्या भाराचे ९.३ आणि पॉइंट लोडचे ३.३. शीटवर सही केली आणि ती ड्रॉइंगला गेली.